तासावर भाड्याचं किचन की घरीच मोठा ओव्हन? (आठवड्याला ६०० कुकीज)

लोणीसाखर
मी घरून कुकीज करून विकते. आता दर आठवड्याला साधारण ६०० नग जातात आणि घरच्या ओव्हनवर ते निभत नाही. दोन ट्रे, प्रत्येकी १२ कुकीज, म्हणजे एका फेरीत २४. ६०० साठी २५ फेऱ्या. घालणं-काढणं धरून फेरीला १६ मिनिटं लागतात, म्हणजे नुसतं भाजण्यात पावणेसात तास जातात. मिक्सर पाच लिटरचा आहे, त्यात एका वेळी दोन किलोच्या वर कणीक नीट फिरत नाही.

जवळ एक सामायिक व्यावसायिक किचन आहे. दहा ट्रेचा पंख्याचा ओव्हन, २० लिटरचा प्लॅनेटरी मिक्सर, स्टीलची टेबलं. सलग चार तासांचा स्लॉट घ्यावा लागतो. दुसरा पर्याय म्हणजे घरची मागची खोली रिकामी करून तिथेच स्वतःचा ओव्हन बसवायचा. ज्यांनी यातलं एक किंवा दोन्ही केलंय त्यांनी सांगा, नेमकं काय पाहून ठरवायचं?

भिरभिरं
वाचतेय. माझ्याही मनात हेच चाललंय, फक्त ब्रेडसाठी.

सरळरेषा
सोपं आहे. घरची जागा फुकट आहे, भाडं म्हणजे दर आठवड्याला पाण्यात. ओव्हन एकदा घेतला की घेतला. भाड्याच्या पावत्या जोडून पाहा, वर्ष-दोन वर्षांत ओव्हनचे पैसे निघतील.

करवत
मी लाकूडकाम करतो आणि अशाच तासावर मिळणाऱ्या सामायिक वर्कशॉपमध्ये दोन वर्षं काढली. मोठा प्लेनर आणि टेबल सॉ तिथे मिळायचं, ते घरी शक्यच नव्हतं. पण सरस लावून शिकंजे कसले की पुढचा तास काही करता येत नाही. पॉलिशचा हात मारला तर दुसऱ्या हातापर्यंत कित्येक तास थांबावं लागतं, आणि शेजारचा कोणी तेव्हाच सँडर सुरू करतो, सगळी धूळ ओल्या पॉलिशवर. शेवटी मी फळ्या रंधून आणि कापून आणायला तिथे जायचो आणि जोडणी-पॉलिश घरच्या गॅरेजमध्ये करायचो.

भिरभिरं
करवतदादा, धागा किचनचा आहे :)

करवत
अरेच्चा, मी शीर्षकात 'भाड्याचं' एवढंच वाचलं. राहू दे आता, लाकूड वाळेपर्यंत कुकीजबद्दल वाचतो.

चिमटा_आणि_ट्रे
करवत यांचा प्रतिसाद मला अजिबात भरकटलेला वाटला नाही. मी सामायिक किचनची व्यवस्था बघते, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारते: तुमचा माल कुठे कुठे थांबतो? भाडं घड्याळावर चालतं. मशीन चालू असो की तुम्ही ट्रे गार व्हायची वाट बघत उभे असा, दर तोच.

लोणीसाखर, तुमचे आकडे दिलेत हे बरं झालं. चार तास म्हणजे २४० मिनिटं कशी जातील ते लिहिते. कच्ची कुकी ४० ग्रॅमची धरते, म्हणजे ६०० ला २४ किलो कणीक. २० लिटरच्या मिक्सरमध्ये एका वेळी आठ किलो, म्हणजे तीन घाणे. मोठ्या ट्रेवर (६० × ४० सेंमी) २४ कुकीज बसतात, म्हणजे २५ ट्रे. दहा ट्रेच्या ओव्हनमध्ये तीन फेऱ्यांत सगळं भाजून निघेल, पाऊण तासात. इथपर्यंत ऐकून सगळे खूश होतात.

आता हातांचं बघा. सामान आत आणणं, टेबल पुसणं, वजनं करणं यात अर्धा तास. ओव्हन तेवढ्यात तापत ठेवायचा. पहिला घाणा १५ मिनिटं. मग स्कूपने गोळे पाडणं. सराईत हात एका ट्रेला पावणेतीन-तीन मिनिटं घेतो, २५ ट्रेना ७० मिनिटं. पुढचे दोन घाणे मिक्सर आपला फिरवतो, पण भरायला आणि खरवडून काढायला मिळून दहा मिनिटं तुमचीच. ओव्हनच्या पहिल्या दोन फेऱ्या गोळे पाडता पाडता होऊन जातात, शेवटची मात्र नंतर उरते, १६ मिनिटं. त्यानंतर भांडी, मिक्सर, टेबल, फरशी ४० मिनिटं, तेवढ्यात शेवटचे ट्रे गार होतात. मग पॅकिंग. सहाच्या पाकिटात भरत असाल तर १०० पाकिटं, मोजून भरणं, सील करणं, लेबल लावणं यात अर्धं मिनिट धरलं तरी ५० मिनिटं.

एकूण २३१ मिनिटं. म्हणजे एक ट्रे जरी करपला किंवा सीलिंग मशीन रुसलं तरी तुम्ही पुढच्याच्या वेळेत गेलात. आमच्याकडे वेळ उलटली की दर वाढतो, आणि बहुतेक ठिकाणी तसंच असतं.

आणि खरी गोष्ट अशी, की यातला ओव्हन फक्त ४८ मिनिटं कामात होता. तुम्ही दहा ट्रेच्या ओव्हनचं भाडं दिलंत आणि त्यातला सगळ्यात मोठा वेळ दोन हातांनी गोळे पाडण्यात आणि पाकिटं भरण्यात घालवलात. मोठं मशीन एकट्या माणसाला वेगवान करत नाही, फक्त अडण्याची जागा मशीनवरून हातांवर येते.

लोणीसाखर
ताई, हे कोणीच असं मांडून सांगितलं नव्हतं. मी नुसतं 'तीन फेऱ्यांत काम' एवढंच धरलं होतं. दुसरं माणूस आणलं तर?

चिमटा_आणि_ट्रे
तर चित्र बदलतं. एक गोळे पाडतं, दुसरं मिक्सर आणि ओव्हन सांभाळत आधीच्या फेरीची पाकिटं भरतं. तेवढाच माल पावणेतीन तासांत उरकतो आणि उरलेल्या वेळात वाढीव ऑर्डर बसते. आमच्याकडे एकटे येणारे बहुतेक काही महिन्यांत एक तर मदतनीस आणतात किंवा सोडून जातात.

सरळरेषा
म्हणजे मी म्हटलं तेच ना? घरी करा, घड्याळाची कटकट नाही.

तीनफेज
अर्धं बरोबर आहे तुमचं. घरी थांबण्याचे पैसे लागत नाहीत हे खरं, पण जागा फुकट नाही. मी इलेक्ट्रिकल कामं करतो, अशा घरगुती बेकऱ्यांची वायरिंग बरीच केली आहेत, म्हणून लिहितो.

दहा ट्रेचा विजेवरचा ओव्हन १५ किलोवॉटच्या आसपास किंवा वर जातो, त्याला तीन फेज लागतात. घरात तो विषय सहसा तिथेच संपतो. २३० व्होल्टवर १६ अँपिअरचा सॉकेट फार तर ३.७ किलोवॉट देतो, आणि तासन्‌तास चालणारा लोड त्या काठावर ठेवू नये. चार ट्रेचे छोटे ओव्हन साधारण ३ ते ६ किलोवॉटचे असतात. त्यातला छोटा सॉकेटवर चालेल, मोठ्याला मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर आणि स्वतंत्र ब्रेकर हवा. लोक ओव्हनचं कोटेशन घेतात आणि वायरिंग, लोड वाढवणं, एक्झॉस्ट हे सगळं 'बघू नंतर' म्हणून सोडतात. ते आधी विचारा. प्लग हाताला गरम लागला किंवा सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडू लागलं तर ओव्हन बंद करून माणूस बोलवा, तिथून पुढे थांबायचं नसतं.

दुसरं, ओव्हन जी वीज खातो ती सगळी शेवटी खोलीतच उष्णता होऊन राहते. बंद खोलीत तीन किलोवॉटचा ओव्हन म्हणजे हजार वॉटचे तीन रूम हीटर लावल्यासारखं.

पोळपाट७
तीनफेज यांच्या शेवटच्या मुद्द्याला शंभर वेळा अनुमोदन. माझ्या खोलीत दुपारनंतर कुकीज पसरायला लागायच्या. तीच कणीक, तेच तापमान, सकाळच्या गोल आणि जाड, दुपारच्या चपट्या, कडा तेलकट. पाककृतीत काहीच बिघडलं नव्हतं, खोली तापून गोळ्यांतलं लोणी ओव्हनमध्ये जायच्या आधीच मऊ पडत होतं. कणीक २० अंशांच्या आसपास असेपर्यंत छान, पंचविशीच्या पुढे गेली की हाताला चिकट आणि चकचकीत दिसते. तीच खूण. आता गोळे पाडलेले ट्रे फ्रीजमध्ये ठेवून लागतील तसे काढते आणि ओव्हनच्या डोक्यावर बाहेर फेकणारा पंखा बसवलाय.

भिरभिरं
ब्रेडवाल्यांनी काय करायचं? माझं सावरडो पीठ रात्रभर फुगतं.

चिमटा_आणि_ट्रे
भिरभिरं, तुम्हाला तासावरचं किचन जवळजवळ कधीच परवडणार नाही, जोवर रात्रभर फ्रीजमधला रॅक वेगळा भाड्याने मिळत नाही. संध्याकाळी दीड-दोन तास मळणी आणि आकार, रात्रभर गार रॅकवर, पहाटे भाजणी, असे दोन छोटे स्लॉट देणारी जागा मिळाली तर बघा. बहुतेक ठिकाणी किमान तासांची अट असते म्हणून ते अडतं.

रात्रपाळी
आणखी एक वाट कोणी लिहिली नाही. चालू बेकरी किंवा खानावळ बंद असते त्या वेळात तिचा ओव्हन वापरायला घ्या. मी असं करतो. मालक माझ्याकडून ठरावीक रक्कम घेतो, किमान तासांची अट नाही, सामान ठेवायला एक कप्पा दिलाय. अडचण एवढीच की सगळं तोंडी आहे. त्यांनी वेळ बदलली की माझी वेळ गेली. लेखी करा, आणि मशीन बिघडलं तर कोणाच्या खिशातून हे आधी ठरवा.

मापट्याचंमाप
माझा प्रश्न वेगळा आहे. माझे बरेच ग्राहक शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांचे पालक आहेत. सामायिक किचनमध्ये आधीच्याने काय केलंय ते कळत नाही. तरी तिथे सॅनिटायझर मारतातच, मग चालेल ना?

चिमटा_आणि_ट्रे
नाही, हे कृपया कोणीही असं धरू नका. सॅनिटायझरने जंतू मरतात, शेंगदाण्याचं प्रथिन तिथेच राहतं. ते घासून, साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळखळून काढावं लागतं. भांडं आणि व्हिस्क धुता येतात. पण मिक्सरच्या डोक्यात जिथे दांडा बसतो ती खाच आणि ओव्हनच्या पंख्यामागची जाळी दोन स्लॉटच्या मधल्या वेळात कोणी उघडत नाही. हवेत उडालेलं पीठही शेल्फवर बसतं. आमच्याकडे शेंगदाण्याचं पीठ वापरणारे तिघं आहेत. पाकिटावर 'शेंगदाणारहित' लिहायचं असेल तर मी स्वतः सांगते, आमच्या जागेत करू नका. स्वतःची जागा असण्याचं माझ्या मते हे सगळ्यात ठोस कारण आहे.

मापट्याचंमाप
धन्यवाद ताई. म्हणजे माझा निर्णय झाला.

पोळपाट७
लोणीसाखर, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. चिमटाताईंनी भाड्याचा हिशेब केला, मी घरचा करते. चार ट्रेचा छोटा ओव्हन, ट्रे तुमच्या आताच्याच मापाचे, १२ कुकीजचे. एका फेरीत ४८, ६०० साठी १३ फेऱ्या, १६ मिनिटांनी गुणलं तर साडेतीन तास. कागदावर दहा ट्रेपुढे हे फार हळू दिसतं. पण दर फेरीच्या १६ मिनिटांत मी पुढच्या ४८ कुकीजचे गोळे पाडते, त्याला सहा मिनिटं लागतात. उरलेल्या दहात आधीच्या, गार झालेल्या फेरीची आठ पाकिटं भरून होतात, त्याला चार. म्हणजे ओव्हन कधी रिकामा नाही आणि मीही तंगलेली नाही. शेवटची फेरी निघते तेव्हा जवळपास सगळं पॅक झालेलं असतं. एकट्या माणसाच्या हाताला चार ट्रेचा ओव्हन जुळतो, दहाचा नाही.

फक्त पॅक करायची घाई करू नका. आतून कोमट कुकी सील केली तर पाकिटाच्या आत दव धरतं, दोन दिवसांत कुकी मऊ आणि पुढे बुरशी. जाळीवर पूर्ण गार, हाताच्या मागच्या बाजूला अजिबात ऊब लागणार नाही इतकी.

आणि तुमचा पाच लिटरचा मिक्सर २४ किलोला १२ वेळा भरावा लागेल. ओव्हन बदललात आणि मिक्सर तोच ठेवलात तर काही सुटणार नाही. मी आधी मिक्सर घेतला, ओव्हन नंतर.

चिमटा_आणि_ट्रे
पोळपाट यांचा हिशेब बरोबर आहे, मिक्सरबद्दल तर शंभर टक्के. तरी दोन गोष्टींवर मी वेगळं म्हणेन. एक, परवानगी. आपापल्या ठिकाणचे नियम बघा, पण तपासणीला येणारे साधारण हेच विचारतात: हात धुवायला वेगळं सिंक आहे का, भिंती-टेबलं धुता येतात का, घरचा स्वयंपाक आणि विक्रीचा माल वेगळा राहतो का, कच्चा माल कुठे ठेवता. खोली बांधून झाल्यावर सिंक बसवणं फार महाग पडतं. दोन, आठवड्याला ६०० हा आकडा किती महिने टिकलाय? भाड्याची जागा ऑर्डर नसलेल्या आठवड्यात घ्यावीच लागत नाही. घरचा हप्ता मात्र तेव्हाही चालू असतो.

सरळरेषा
हा मुद्दा मान्य आहे. मी पावत्या सगळ्या आठवड्यांच्या जोडल्या, रिकाम्या आठवड्यांत तर पावतीच नसते.

तीनफेज
म्हणून हिशेब असा मांडा. ओव्हन, मिक्सर, वायरिंग, पंखा, सिंक सगळ्यांची बेरीज करा. एका स्लॉटच्या भाड्यातून घरी तेवढ्याच मालाला लागणारी वीज-पाणी वजा करा, तेवढी तुमची एका स्लॉटमागची बचत. बेरजेला तिने भागा. उत्तर स्लॉटमध्ये येईल. तुमच्या मंदीच्या महिन्यांसकट तेवढे स्लॉट भरायला किती काळ लागेल ते बघा. दुरुस्ती धरायला विसरू नका, पंख्याच्या ओव्हनची दाराची रबरी पट्टी आणि एलिमेंट या दोन गोष्टी जातातच.

रात्रपाळी
मधला मार्ग चालेल का? भाड्याच्या जागेत एका दिवशी फक्त कणीक आणि गोळे, ते गोठवून ठेवायचे. मग घरी लागेल तसे छोट्या ओव्हनमध्ये भाजायचे. गोठलेला गोळा दोनेक मिनिटं जास्त घेतो एवढंच.

पोळपाट७
२४ किलो गोळे घरच्या फ्रीजरमध्ये मावणार कुठे? आणि एकदम भरले तर मधले तासन्‌तास मऊच राहतात, एकमेकांना चिकटतात. ट्रेवर सुटे गोठवून मग पिशवीत भरायला हवेत. शिवाय मला तरी गोठवलेल्याची कड थोडी वेगळी वाटते.

रात्रपाळी
मला नाही वाटत. डोळे बांधून खायला दिल्या तर ओळखता येणार नाहीत. यावर आपलं जमणार नाही :)

करवत
परीक्षक हवा असेल तर मी मोकळा आहे, पॉलिश अजून वाळतंय.

लोणीसाखर
सगळ्यांचे खूप आभार. मी बहिणीला घेऊन एक स्लॉट घेऊन पाहिला, घड्याळ लावून. चिमटाताई, तुमचा अंदाज जवळजवळ तंतोतंत निघाला. दोघींनी मिळून तीन तासांच्या थोडं आत ६०० कुकीज पॅक केल्या. आधीच्याकडून ओव्हन चालूच ठेवायला सांगितलं होतं, त्यामुळे तापायची वाट बघावी लागली नाही.

एक गोष्ट मात्र कोणी लिहिली नव्हती. घरी मी १७५ अंशांवर भाजते. तिथे त्याच तापमानावर पहिला ट्रे आठव्या मिनिटालाच वरून तपकिरी झाला आणि आत कच्चा. कुकीज पसरल्याही कमी. बाकीच्या १५५ वर केल्या तेव्हा घरच्यासारख्या जमल्या. पंख्याकडच्या बाजूला रंग जास्त येत होता, म्हणून अर्ध्यात ट्रे फिरवले.

आता घोडं अडलंय ते बहिणीवर. ती दर आठवड्याला येऊ शकणार नाही, आणि एकटीने चार तासांत बसत नाही हे आता दिसतंय. पोळपाटताई, २० लिटरचा मिक्सर तुम्ही घरी कशावर ठेवलाय? माझं टेबल छोटा मिक्सरही जोरात फिरला की हलतं.

पोळपाट७
टेबलावर नाहीच. तो जमिनीवर ठेवायचा असतो, सुमारे शंभर किलोचा आहे, त्यामुळे एकदा ठेवला की तिथेच. खाली जाड रबर घाला आणि फरशी सपाट आहे का ते पाणसळीने आधी बघा. तुम्हाला दहा लिटरचाही पुरेल, सहा घाण्यांत २४ किलो होतात आणि तो बळकट टेबलावर राहतो. एक घाणा चार किलो, म्हणजे १०० गोळे, म्हणजे ओव्हनच्या दोन फेऱ्या. फिरवणं आणि गोळे आपोआप जुळतात.

चिमटा_आणि_ट्रे
आणि मिक्सर घरी आला तरी ओव्हनचं लगेच ठरवू नका. आमच्याकडे मदतनीस शोधणारे आणखी दोघे एकटे बेकर आहेत. विचारून बघते, एकाच स्लॉटमध्ये दोघांचा माल निघतो का ते. एकीचा ओव्हन चालू असताना दुसरीची पाकिटं. भाडंही अर्धं अर्धं. शेंगदाणेवाल्यांना वगळूनच विचारेन.

लोणीसाखर
ताई, नक्की विचारा. तोवर तीनफेज यांनी सांगितलेली कोटेशनं मागवून ठेवते.